दीडशे अक्षरांत खरे तेच लिहिण्यासाठी: महाविद्यालयीन अर्जातील छंद व उपक्रम कसे भरावेत

बारावीत असताना परदेशातील, विशेषतः अमेरिकेतील विद्यापीठांसाठी अर्ज करणारे नागपूरचे बहुतेक विद्यार्थी `Common App` हा सामायिक अर्ज भरतात. त्यातील `Activities` या विभागात जास्तीत जास्त दहा उपक्रम लिहिता येतात. प्रत्येक उपक्रमासाठी तीन चौकटी असतात. तुमची भूमिका सांगण्यासाठी ५० अक्षरे, संस्थेच्या नावासाठी १०० आणि प्रत्यक्ष वर्णनासाठी १५० अक्षरे मिळतात, आणि या मोजणीत दोन शब्दांमधली मोकळी जागा व विरामचिन्हेही धरली जातात. त्याशिवाय कोणत्या इयत्तांत, आठवड्याला किती तास आणि वर्षातून किती आठवडे हा उपक्रम केला, तेही आकड्यांत द्यावे लागते.

या विभागात खोटे लिहायचे असे ठरवून बसणारे विद्यार्थी फार थोडे असतात. अर्जात खोटेपणा शिरतो तो कामाचा क्रम चुकल्यामुळे. विद्यार्थी आधी वर्णनाची चौकट उघडतो, तिच्यात भारदस्त वाक्य बसवतो आणि मग त्या वाक्याला शोभतील असे तास व पद शोधू लागतो. म्हणून येथे क्रम उलटा दिला आहे. आधी नोंदी गोळा करायच्या, मग तासांचा हिशेब करायचा, मग निवड करायची आणि शब्द अगदी शेवटी लिहायचे. नीट समजावे यासाठी एक कल्पित उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे. प्रतापनगरात राहणारी, राज्य मंडळाच्या बारावी विज्ञान शाखेतील ही विद्यार्थिनी तबला शिकते, घरी आजीची काळजी घेते, हिवाळ्यात अंबाझरीवर पक्षी पाहायला जाते आणि गल्लीतल्या गणेश मंडळाच्या कामात असते.

## १. अर्ज उघडण्यापूर्वी नोंदी गोळा करा

अर्ज दरवर्षी १ ऑगस्टला खुला होतो आणि लवकरच्या फेरीची मुदत अनेक विद्यापीठांत १ नोव्हेंबर असते. आपल्याकडे याच तीन महिन्यांत पोळा, गणपती, नवरात्र, सहामाही परीक्षा आणि पुष्कळदा दिवाळीही येते, त्यामुळे नोंदी जमवण्याचे काम जून-जुलैत उरकलेले बरे. एक साधी वही घ्या आणि नववी, दहावी, अकरावी व बारावी अशी चार पाने करा. अर्जात उपक्रमाची इयत्ता निवडताना नववीपासूनचेच पर्याय दिसतात. सातवीत मिळालेले वक्तृत्वाचे बक्षीस कितीही मोलाचे वाटले, तरी त्याला येथे जागा नाही. आधी सुरू झालेला उपक्रम नववीनंतरही चालू राहिला असेल, तर मात्र तो केव्हापासून चालू आहे हे वर्णनात एका तुकड्यात सांगता येते.

प्रत्येक पानावर त्या वर्षी केलेले सगळे काही लिहा. ते उपक्रमात मोडते की नाही याचा विचार या टप्प्यावर करू नका. आपल्या घरांतून हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी म्हणजे घरकाम, आजारी माणसाची देखभाल, धाकट्या भावंडांचा अभ्यास घेणे, वडिलांच्या दुकानात बसणे आणि शेतीच्या हंगामात गावी जाऊन केलेली मदत. अर्जातील प्रकारांच्या यादीत `Family Responsibilities` असा स्वतंत्र पर्याय आहे. घरच्या कामाला अर्जात कोणी कमी लेखत नाही, हे पालकांनीही लक्षात घ्यावे.

त्यानंतर प्रत्येक नोंदीपुढे तिचा आधार लिहा. आधार प्रमाणपत्राचाच हवा असे नाही. तबल्याच्या परीक्षेचे गुणपत्रक, क्लासच्या फीची पावती, मंडळाच्या पावतीपुस्तकावरील तुमचे हस्ताक्षर, तारखेसह काढलेले फोटो, आजीच्या साखरेची नोंद असलेली वही किंवा हे काम पाहिलेली एखादी व्यक्ती, यांतले काहीही चालेल. अर्जासोबत हे पुरावे जोडायचे नसतात. ते तुमच्या स्मरणशक्तीला लगाम घालण्यासाठी असतात, कारण तीन वर्षांपूर्वीच्या गोष्टी आठवताना आकडे नेहमी वाढतात आणि क्वचितच घटतात.

राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांना येथे एक खास अडचण येते. नववी-दहावीची शाळा आणि अकरावी-बारावीचे कनिष्ठ महाविद्यालय वेगळे असते, आणि शिफारसपत्र देणाऱ्या महाविद्यालयातील शिक्षकांना शाळेतल्या उपक्रमांची माहिती नसते. म्हणून जुन्या शाळेत एकदा प्रत्यक्ष जाऊन क्रीडाशिक्षकांकडे किंवा वर्गशिक्षकांकडे खात्री करून घ्या. खो-खोच्या स्पर्धेत दुसरा क्रमांक आला होता की तिसरा, ती तालुक्याची होती की जिल्ह्याची, हे त्यांच्याकडील कागदावरून ठरवा.

ताळा: ज्या नोंदीपुढे कागद, तारीख किंवा माणूस यांपैकी एकही आधार लिहिता येत नाही, तिच्याभोवती पेन्सिलीने गोल करा. ती लगेच रद्द करण्याची गरज नाही, पण आधार सापडेपर्यंत ती अर्जात जाणार नाही.

## २. तासांचा हिशेब शब्दांच्या आधी करा

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून येथे थोडे थांबू. `Hours spent per week` म्हणजे ज्या आठवड्यांत उपक्रम खरोखर चालू होता, त्या आठवड्यांतील सरासरी तास, आणि `Weeks spent per year` म्हणजे तसे आठवडे वर्षात किती होते. या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे तुमचे वर्षाचे तास, आणि तो गुणाकार पटण्याजोगा असायला हवा. वर्षात ५२ आठवडे असतात म्हणून दिसेल तेथे ५२ लिहिण्याची सवय फार पसरली आहे. पण परीक्षेचे आठवडे, आजारपण, गावी गेलेले दिवस, आणि विदर्भात उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडणाऱ्या शाळा, हे सगळे वजा केल्यावर शाळेतला कोणताही उपक्रम ५२ आठवडे चालत नाही.

आपल्या उदाहरणातील विद्यार्थिनीने तबल्याचे तास पहिल्यांदा आठवड्याला दहा लिहिले होते. तिचा क्लास आठवड्यातून दोन वेळा, दीड-दीड तास असतो, म्हणजे ते झाले तीन तास. रियाज रोज एक तास करते असे तिला वाटत होते, परंतु एक महिना वहीत नोंद ठेवल्यावर दिसले की रियाज आठवड्यातून चारच दिवस होतो आणि तोही अर्धा-अर्धा तास, म्हणजे दोन तास. एकूण पाच. परीक्षांचे आणि सुट्टीतल्या प्रवासाचे आठवडे वगळले तर चाळीस उरतात. पाच गुणिले चाळीस म्हणजे वर्षाला दोनशे तास. हा आकडा लहान नाही, आणि मुख्य म्हणजे तिच्या क्लासच्या सरांना विचारले तरी तोच निघेल.

आजीच्या बाबतीत उलट झाले. ते काम उपक्रम आहे असेच तिला वाटत नव्हते, त्यामुळे तिने आठवड्याला दोन तास असे सहज सांगितले होते. रोज सकाळी साखर तपासून इन्सुलिन देण्यात वीस मिनिटे जातात, म्हणजे आठवड्याचे साधारण सव्वादोन तास. आईची परिचारिकेची पाळी आणि वडिलांचे दुकान यांमुळे आठवड्यातून तीन संध्याकाळी स्वयंपाक तिच्याकडे असतो, त्याचे साडेचार तास. महिन्यातून एकदा रुग्णालयात जाण्याचे चार तास आठवड्यांत विभागले तर एक तास येतो. बेरीज पावणेआठ, म्हणजे पूर्णांकात आठ. वर्षातले दोन आठवडे ती घरी नसते, म्हणून आठवडे पन्नास. गुणाकार चारशे येतो, तबल्याच्या दुप्पट. हिशेब वाढवण्याप्रमाणे कमी सांगणेही अर्जाला अपुरे करते, हे यावरून कळावे.

गणेश मंडळासारख्या थोड्या काळाच्या कामाचे तास वर्षभर पसरवू नयेत. वर्गणीसाठी तीन आठवडे, आठवड्याला नऊ तास, आणि उत्सवाचे दहा दिवस रोज तीन तास असे धरले, तर सत्तावीस आणि तीस मिळून सत्तावन्न तास होतात. हे काम साधारण पाच आठवड्यांत झाले, म्हणून आठवड्याला ११ तास व वर्षाला ५ आठवडे असे लिहावे. आठवड्याला एक तास आणि ५२ आठवडे असे लिहिले तर गुणाकार जवळपास तोच येईल, पण काम वर्षभर चालते असा चुकीचा समज वाचणाऱ्याचा होईल.

इयत्तांच्या खुणाही याच वेळी करा. दहावीत बोर्डाच्या परीक्षेसाठी क्लास बंद होता ना? मग नववी, अकरावी व बारावीवरच खूण करायची. मधली रिकामी जागा पाहून आपले कसे होईल अशी भीती वाटते आणि हात आपोआप दहावीच्या चौकटीकडे जातो. तसे करू नये. बारावीवर खूण करतानाही उपक्रम अर्जाच्या दिवशी खरोखर सुरू झालेला असावा. पक्षी पाहण्याचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी असेल आणि अर्ज ऑक्टोबरअखेर जात असेल, तर अकरावीवरच खूण करून थांबावे.

ताळा: उपक्रमांचे सर्वांत गर्दीच्या आठवड्याचे तास एकत्र करा. या विद्यार्थिनीच्या गणपतीच्या आठवड्यात तबला ५, घर ८ आणि मंडळ ११ मिळून २४ तास होतात. महाविद्यालयाचे ३० आणि शिकवणीचे १५ मिळवले तर ६९. आठवड्यात १६८ तास असतात. झोप, जेवण, प्रवास व घरचा अभ्यास यांना पुरेसा वेळ उरतो, म्हणून हा हिशेब टिकतो. ज्या अर्जात नुसत्या उपक्रमांचेच साठ तास होतात, तो वाचणाऱ्यालाही हीच बेरीज करता येते.

## ३. दहा जागा भरायच्याच असे नाही

दहा ही वरची मर्यादा आहे. पाच-सहा खरे उपक्रम असतील तर पाच-सहाच लिहावेत. एका सकाळी तलावाच्या काठावर केलेली स्वच्छता, एका शनिवारची कार्यशाळा, नुसती नावनोंदणी करून मिळालेले ऑनलाइन प्रमाणपत्र यांनी यादी लांबते, पण वरच्या चांगल्या नोंदींचा विश्वासही पातळ होतो. बारावीच्या उन्हाळ्यात अचानक स्थापन केलेल्या आणि अर्जानंतर कोणीही न चालवणाऱ्या संस्थांबद्दल तर पालकांनी विशेष सावध असावे. असे सल्ले पैसे घेऊन दिले जातात आणि त्यांची किंमत शेवटी मूल मोजते. शिकवणीचे वर्गही येथे लिहू नयेत. प्रवेशपरीक्षेची तयारी हा अभ्यासाचा भाग आहे.

छंद लिहावा का, असा प्रश्न नेहमी येतो. लिहावा, पण तो काही करून दाखवता येत असेल तरच. «वाचनाची आवड» या नोंदीतून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, मात्र महिन्याला दोन पुस्तके वाचून ग्रंथालयातील वाचकगटात त्यांवर बोलणे हा छंद दिसतो आणि मोजताही येतो. आपल्या विद्यार्थिनीचे पक्षी पाहणे याच कारणाने यादीत राहिले. ती अंबाझरीवर जाऊन `eBird` या संकेतस्थळावर तारीखवार याद्या टाकते, त्यामुळे किती रविवार गेली हे तिला आठवावे लागत नाही.

क्रम लावताना सर्वांत महत्त्वाचे आधी, असे अर्जच सांगतो. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे, एवढाच त्याचा अर्थ आहे. भारदस्त नाव असलेली संस्था वर आणि आजी खाली, अशी मांडणी करू नका. चारशे तासांचे काम दुसऱ्या क्रमांकावर बसत असेल तर ते तिथेच बसू द्या.

## ४. प्रकार आणि भूमिका निवडा

प्रकार ठरलेल्या यादीतून निवडायचा असतो आणि येथे दोन चुका वारंवार दिसतात. वडिलांच्या दुकानात पगार न घेता बसणाऱ्याने `Work (Paid)` निवडू नये. त्याचे काम `Family Responsibilities` मध्ये जाते. दुसरे असे की शाळेच्या संघातून खेळलेला खेळ आणि बाहेरच्या क्रीडा मंडळातून खेळलेला खेळ यांचे पर्याय वेगवेगळे आहेत, ते पाहून निवडावेत.

भूमिकेच्या ५० अक्षरांत पद लिहायचे असते आणि पदाचा मोह फार मोठा असतो. येथे एकच कसोटी पुरते: ते पद तुम्हाला कोणी दिले होते, आणि त्या माणसाला आज विचारले तर तो हो म्हणेल का? मंडळाची पावतीपुस्तके सांभाळणारी मुलगी खजिनदार होत नाही, कारण खजिनदार म्हणून मंडळाने दुसऱ्याच काकांना नेमलेले असते. तिने स्वयंसेवक असे लिहावे. नेमलेले पद नसले तरी काम सांगता येते, आणि पुष्कळदा ते काम पदापेक्षा जास्त बोलते. तबल्यासाठी तिने लिहिलेली ओळ अशी आहे:

```
Tabla student; accompanist at school functions
```

ही ४६ अक्षरे आहेत. साथ करते, एवढेच सांगितले आहे, एकल वादनाचा दावा नाही. संस्थेच्या चौकटीत परीक्षा घेणारे मंडळ आणि खासगी क्लास यांची गल्लत होऊ नये, नाहीतर ती अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या एखाद्या महाविद्यालयात शिकते असे वाटेल. म्हणून:

```
Private tabla class, Nagpur (exams: Akhil Bharatiya Gandharva Mahavidyalaya Mandal)
```

ही ८३ अक्षरे झाली. आजीच्या देखभालीसाठी संस्था नसते, तेव्हा ती चौकट रिकामी ठेवावी. नाव हवे म्हणून काही तयार करू नये.

इशारा: `Founder`, `Head`, `Director` यांसारखे पद लिहिण्याआधी स्वतःला विचारा, की तुम्ही नसताना ते काम आणखी कोण करत होते. उत्तर कोणीच नाही असे येत असेल, तर तुम्ही एकटेच काम करत होता, आणि तसेच लिहिणे योग्य.

## ५. आता दीडशे अक्षरे

नोंदी, तास आणि पद ठरल्यावर वर्णन सोपे होते. प्रथम मर्यादेचा विचार न करता मराठीत तीन-चार वाक्ये लिहा: मी नेमके काय करते, किती, कोणासाठी, आणि त्यातून काय झाले. मग ती इंग्रजीत उतरवा आणि छाटा. थेट इंग्रजीत लिहायला बसले की विद्यार्थी आधी कोठेतरी वाचलेली विशेषणे ओतू लागतात, असा माझा अनुभव आहे.

तबल्याचे पहिले वर्णन असे होते:

```
I am a very passionate and dedicated tabla player who has been learning this beautiful ancient art form for many years and has won numerous awards
```

यात १४६ अक्षरे खर्च झाली आणि हाती काय आले? किती वर्षे ते नाही, कोणती बक्षिसे ते नाही, आणि चौकशी केल्यावर कळले की बक्षीस शाळेच्या स्नेहसंमेलनात मिळालेले एकच होते. शेवटचे दोन शब्द तर असत्यच निघाले. लिहिताना तिच्या मनात तसे नव्हते, वाक्याच्या लयीने ते ओढून आणले. सुधारलेले वर्णन:

```
Indian hand drums since Class 4. Passed 4th-level exam in Class 9; paused Class 10 for board exam. Accompany school singers; teach 2 beginners.
```

ही १४३ अक्षरे. तबला म्हणजे काय हे परक्या वाचकाला पहिल्या तीन शब्दांत कळते. मध्यमा प्रथम असे नाव लिहिले असते तर ते त्याला समजले नसते. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण आणि मग मध्यमा प्रथम असा क्रम असल्याने चौथी पातळी हे सांगणे खरे आहे आणि समजणारेही. दहावीतला खंड तिने स्वतःच सांगितला, त्यामुळे इयत्तांच्या खुणांमधली रिकामी जागा आता प्रश्न उभा करत नाही. दोन नवशिक्यांना शिकवते हे लिहिण्यापूर्वी तिने क्लासमध्ये विचारले, «सर, मी त्या दोघींना शिकवते असं लिहिलं तर चालेल ना?» सर म्हणाले, «कायदे तूच बसवून घेतेस त्यांच्याकडून, लिही बिनधास्त.» एवढी खात्री पुरेशी आहे.

छाटणीचे नियम थोडेच आहेत. «मी» हा कर्ता गाळावा, क्रियापदाने सुरुवात करावी, आकडे अंकांत लिहावेत, वाक्यांचे तुकडे अर्धविरामाने जोडावेत. ज्या गोष्टी भूमिकेच्या किंवा संस्थेच्या चौकटीत आल्या आहेत, त्या पुन्हा सांगू नयेत. संक्षेप मात्र जपून वापरावेत, कारण आपल्याला सहज वाटणारी राष्ट्रीय सेवा योजनेची इंग्रजी आद्याक्षरे दूरच्या वाचकाला काहीच सांगत नाहीत. ते नाव संस्थेच्या चौकटीत पूर्ण लिहावे.

क्रियापदाची निवड सर्वांत नाजूक असते. एकाच कामाला मदत केली, सांभाळले, आयोजित केले, नेतृत्व केले अशी चढती क्रियापदे लावता येतात आणि प्रत्येक पायरीवर थोडे असत्य वाढत जाते. मंडळाच्या कामासाठी तिने आधी `Organized` लिहिले होते. उत्सव आयोजित केला तो मंडळाने. तिने दोन गल्ल्यांतली वर्गणी गोळा केली, पावत्या दिल्या आणि रोज रात्री खजिनदारांसोबत रोकड जुळवली. ते तसेच लिहिल्यावर वर्णन अधिक भरीव झाले:

```
Collected and receipted donations from 2 lanes for our 10-day neighbourhood festival; tallied cash with treasurer each night.
```

येथे १२५ अक्षरे लागली. उरलेली पंचवीस भरण्याची काही गरज नाही. आजीच्या नोंदीत तिने भावनेचा एकही शब्द घातला नाही, काम तेवढे सांगितले, आणि तेच योग्य झाले:

```
Give morning insulin, log sugar readings, take her to monthly hospital visits; cook dinner 3 evenings a week while both parents work.
```

यात १३३ अक्षरे आहेत. आजी हा शब्द भूमिकेच्या चौकटीत आधीच आला असल्याने येथे सर्वनाम चालते. घरच्या माणसाच्या आजाराबद्दल लिहिताना त्यांना विचारून लिहावे, हेही सांगितले पाहिजे.

ताळा: प्रत्येक वर्णनातील प्रत्येक क्रियापदावर बोट ठेवा आणि वहीत त्याचा आधार शोधा. आधार नसेल तर एक पायरी खालचे क्रियापद घ्या.

## ६. बक्षिसे आणि त्यांचा स्तर

बक्षिसांसाठी `Honors` हा वेगळा विभाग आहे. तेथे पाच नोंदी, प्रत्येकी १०० अक्षरांत, आणि सोबत स्तर निवडायचा असतो: शाळा, राज्य किंवा प्रादेशिक, राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय. आपल्याकडील जिल्हास्तराला यात स्वतंत्र जागा नाही. नागपूर जिल्हा शालेय खो-खो स्पर्धेत संघाचा दुसरा क्रमांक आला असेल, तर प्रादेशिकचा समावेश असलेला पर्याय निवडावा लागतो. मात्र तसे करताना नोंदीच्या मजकुरात जिल्हा हा शब्द आणि संघाचे यश हे दोन्ही स्पष्ट लिहावेत, म्हणजे राज्यस्तराचा भास राहणार नाही. राज्यस्तराला निवड झाली पण खेळायला मिळाले नाही, अशा वेळी निवड झाली एवढेच लिहावे.

नावात आंतरराष्ट्रीय असलेल्या, शुल्क भरून आपल्याच वर्गात बसून दिलेल्या स्पर्धापरीक्षांनी येथे फार गोंधळ होतो. शाळेत पहिला आल्याचे पदक मिळाले असेल तर तो शालेय स्तर आहे. परीक्षेच्या नावावरून स्तर ठरत नाही, तुमची तुलना कोणाकोणाशी झाली यावरून तो ठरतो. एकच यश दोन्ही विभागांत पुन्हा लिहिण्यातही जागा वाया जाते.

## ७. पाठवण्यापूर्वीची शेवटची जुळवणी

अर्जाच्या शेवटी तुम्ही स्वाक्षरीने असे प्रमाणित करता की सर्व माहिती वस्तुस्थितीला धरून आणि प्रामाणिकपणे मांडलेली आहे. ती खोटी आढळल्यास प्रवेश रद्द होऊ शकतो, शिक्षण सुरू झाल्यावर काढून टाकले जाऊ शकते आणि पदवीही परत घेतली जाऊ शकते, हे त्याच मजकुरात लिहिलेले असते. तो मजकूर पालकांसह एकदा सावकाश वाचावा.

त्यानंतर उपक्रमांची छापील यादी शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांना द्या. त्यांचे पत्र आणि तुमचा अर्ज एकाच टेबलावर वाचले जाणार आहेत. पत्रात तुम्ही संघातले एक खेळाडू आणि अर्जात कर्णधार असे दिसले, तर शंका तुमच्यावरच येईल. नोंदी माहीत नसतील तर शिक्षकांनी त्यावर लिहू नये, एवढेच त्यांना सांगावे. तुमच्या यादीप्रमाणे लिहा असा आग्रह धरू नये. निबंधाशीही ताळा पाहा. निबंधात रोज पहाटे रियाज आणि उपक्रमात आठवड्याला पाच तास, अशी विसंगती एकाच मुलीच्या अर्जात सहज राहून जाते.

मजकूर दुसरीकडे लिहून चिकटवला असेल, तर तो चौकटीत पूर्ण आला की शेवटचे शब्द तुटले, हे पूर्वदृश्यात पाहावे. घरातल्या एखाद्या माणसाला, शक्यतो तुम्हाला रोज पाहणाऱ्याला, सगळी यादी मराठीत मोठ्याने वाचून दाखवावी. आजी किंवा बाबा एखाद्या ओळीवर «हे कधी केलंस गं?» असे विचारत असतील, तर ती ओळ पुन्हा वहीशी ताडून पाहा.

अर्ज एका विद्यापीठाला गेल्यावर त्याची ती प्रत बदलता येत नाही. पुढच्या विद्यापीठांसाठी मात्र उपक्रमांत दुरुस्ती करता येते. एखादा आकडा किंवा पद चुकीचे गेल्याचे नंतर लक्षात आले, तर पुढील अर्जांत ते बरोबर करा, आणि आधी अर्ज गेलेल्या विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला ईमेलने दोन ओळींत चूक व बरोबर माहिती कळवा. त्या ईमेलमध्ये उपक्रमाचे नाव, अर्जात गेलेला आकडा आणि खरा आकडा एवढेच असावे, आणि ते विद्यार्थ्याने स्वतः पाठवावे.